शालेय नकाशातील अक्षरलेखन

शालेय नकाशातील अक्षरलेखन म्हणजे विद्यार्थ्याने हाताने काढलेल्या नकाशावर गावे, नद्या, रस्ते, तालुके इत्यादींची नावे कोणत्या वळणाच्या, उंचीच्या व रंगाच्या अक्षरांत लिहावीत आणि ती नेमकी कोठे ठेवावीत, याविषयीची पद्धत होय. नकाशाची बाह्यरेषा मूळ नकाशावरून ट्रेसिंग पेपरने उतरवून घेता येते. नावांची जागा मात्र प्रत्येक वेळी नव्याने ठरवावी लागते. मूळ नकाशाचे प्रमाण वेगळे असते, त्यातील नावांची संख्या वेगळी असते आणि पुष्कळदा त्याची लिपीही वेगळी असते. त्यामुळे प्रकल्पासाठी काढलेल्या नकाशात बहुतेक चुका रेषांत न होता नावांत होतात.

या लेखात उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा घेतला आहे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर उरलेला हा जिल्हा उत्तर-दक्षिण लांबट असून त्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे नऊ तालुके आहेत. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्री आणि मधल्या अरुंद पट्टीत आखूड नद्या, खाड्या, उभा महामार्ग व त्याला जवळजवळ समांतर जाणारा लोहमार्ग अशी त्याची रचना आहे. नावे लिहिण्यास हा जिल्हा अवघड आहे, आणि म्हणूनच उदाहरणास सोयीचा आहे.

रोमन लिपीचे संकेत आणि देवनागरी

नकाशावरील नावांच्या मांडणीचे नियम सुसंगतपणे मांडण्याचे श्रेय स्विस नकाशाशास्त्रज्ञ एडुआर्ड इमहोफ (१८९५–१९८६) यांच्याकडे जाते. त्यांचा या विषयावरील जर्मन निबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला व १९७५ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. स्वित्झर्लंडच्या शालेय अ‍ॅटलासाचे कामही त्यांनी अनेक वर्षे पाहिले होते. नाव पाहताच ते कोणत्या खुणेचे आहे हे कळावे, एका नावाने दुसरे नाव वा महत्त्वाची रेषा झाकू नये, किनाऱ्यावरील गावाचे नाव समुद्रात लिहावे, नदीचे नाव नदीच्या वळणाने जावे, हे त्यांचे नियम कोणत्याही लिपीला लागू पडतात.

परंतु युरोपीय नकाशांतील अक्षरांचे प्रकार रोमन लिपीच्या दोन सोयींवर उभे आहेत. पहिली सोय मोठ्या व लहान अक्षरांची. देशाचे किंवा प्रांताचे नाव मोठ्या अक्षरांत व गावाचे नाव लहान अक्षरांत लिहिले की दर्जा आपोआप दिसतो. दुसरी सोय तिरप्या अक्षरांची. पाण्याची सर्व नावे तिरपी लिहिण्याचा तेथे जुना प्रघात आहे. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, आणि छापील मराठीत तिरपे वळण कधी रुळले नाही. इंग्रजी अ‍ॅटलासमधील मांडणी जशीच्या तशी उचलणारा विद्यार्थी सर्व नावे एकाच जाडीच्या उभ्या अक्षरांत लिहून मोकळा होतो. मग ‘शास्त्री’ ही नदी आहे की गाव, हे परक्या वाचकाला कळत नाही.

देवनागरीत फरक दाखवण्यासाठी उंची, रेघेची जाडी, तिरपेपणा, अक्षरांतील अंतर आणि रंग एवढी साधने हाती उरतात. एका नकाशात तीन वळणे पुरतात. गावांसाठी कटनिबेचे जाड-बारीक उभे अक्षर, पाण्यासाठी निळे तिरपे अक्षर आणि रस्त्यांसाठी सारख्या जाडीचे बारीक उभे अक्षर. तालुक्यांच्या नावांसाठी चौथे वळण न शोधता रस्त्यांचेच बारीक अक्षर फिकट तपकिरी रंगात, अंतर सोडून लिहितात. याहून अधिक वळणे वापरली की नकाशा अक्षरलेखनाच्या नमुन्यांचा तक्ता वाटू लागतो.

शिरोरेषा, टिंब व जवळची अक्षरे

नकाशा हा मुळात रेषांचा बनलेला असतो आणि देवनागरीतील प्रत्येक शब्द स्वतःची एक रेषा घेऊन येतो. शिरोरेषा ही सीमारेषेला, रस्त्याला किंवा नदीला समांतर आणि जवळ आली, की तीही नकाशातील एक रेषा वाटते. गावाच्या खुणेच्या उजवीकडे नाव लिहिताना शिरोरेषा खुणेच्या बरोबर समोर आली, तर गावातून एक आखूड रस्ता निघाल्याचा भास होतो. म्हणून खूण अक्षराच्या मध्यासमोर यावी, शिरोरेषा तिच्या थोडी वर राहावी आणि खूण व पहिले अक्षर यांत दीड-दोन मिलिमीटर जागा असावी.

दुसरी अडचण टिंबाची. गाव दाखवण्यासाठी भरीव टिंब काढण्याची शाळेत सवय असते. हे टिंब नावाच्या वर, शिरोरेषेलगत आले तर ते अनुस्वार म्हणून वाचले जाते. ‘खेड’चे ‘खेंड’ होते. उलट ‘लांजा’ या नावातला खरा अनुस्वार गावाची खूण समजला जाण्याचा संभव असतो. यावर उपाय दोन आहेत. गावासाठी टिंबाऐवजी पोकळ वर्तुळ काढावे आणि नाव खुणेच्या बरोबर खाली लिहिण्याचे टाळावे. जागेअभावी खालीच लिहावे लागले, तर नाव थोडे डावी-उजवीकडे सरकवून वर्तुळ कोणत्याही एका अक्षराच्या डोक्यावर येऊ देऊ नये.

तिसरी अडचण बारीक अक्षरात शिरोरेषा एका झटक्यात ओढण्याने होते. ‘भ’ व ‘ध’ या अक्षरांची शिरोरेषा डाव्या बाजूस तुटलेली असते. ती जोडली गेली की ‘भ’चा ‘म’ व ‘ध’चा ‘घ’ होतो. ‘दाभोळ’चे ‘दामोळ’ आणि ‘भाट्ये’चे ‘माट्ये’ असे नवे गाव तयार होते, आणि ते शब्दलेखनाच्या चुकीमुळे नव्हे तर पट्टी ठेवून शिरोरेषा ओढल्यामुळे. तसेच ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडलेले नसले, तर ‘खेड’ हे ‘रवेड’ असे वाचले जाते. अक्षरे आधी पूर्ण करून शिरोरेषा शेवटी, अक्षराअक्षरावर थांबत दिली, तर या दोन्ही चुका टळतात.

कागद, प्रमाण आणि अक्षरांची उंची

प्रकल्पासाठी साधारणपणे २२ × २८ इंचांचे, म्हणजे सुमारे ५६ × ७१ सेंमीचे कार्डशीट वापरतात. रत्नागिरी जिल्ह्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १८० किमी व सरासरी रुंदी सुमारे ६४ किमी आहे. १ सेंमीस ४ किमी हे प्रमाण घेतल्यास जिल्हा सुमारे ४५ सेंमी लांब व सरासरी १६ सेंमी रुंद येतो. उभ्या कागदावर वर शीर्षकाला व खाली प्रमाणपट्टीला जागा राहते. जिल्हा कागदाच्या मध्यावर न काढता थोडा उजवीकडे सरकवतात, कारण किनाऱ्यावरील सर्व नावे, ‘अरबी समुद्र’ हे नाव आणि सूची यांना डावीकडे जागा लागते. ही सरकवासरकव पेन्सिलचे पहिले टिंब पडण्यापूर्वी व्हावी लागते. नंतर ती होत नाही.

अक्षराची उंची म्हणजे येथे शिरोरेषेपासून कान्याच्या खालच्या टोकापर्यंतची उंची. देवनागरीत तिच्यावर वेलांटी, मात्रा व रफार यांचा एक मजला आणि खाली उकारांचा एक मजला असतो. प्रत्येक मजल्याला मूळ उंचीच्या निम्मी जागा धरली, तर ५ मिमी उंचीच्या नावाला उभी १० मिमी जागा लागते. केवळ मूळ उंची धरून दोन नावे एकाखाली एक लिहिली की वरच्या नावाचा उकार खालच्या नावाच्या वेलांटीत अडकतो. चिपळूणमधला ‘ळू’ आणि त्याखालच्या नावातील एखादी ‘री’ यांची अशी टक्कर नेहमी पाहायला मिळते.

वर सांगितलेल्या प्रमाणावर पुढील उंच्या नीट बसतात. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण ७ मिमी, इतर तालुक्यांची ठिकाणे ५ मिमी, नद्या ४ मिमी, लहान गावे व रस्ते ३ मिमी. कटनिबेच्या अक्षरांची उंची निबेच्या रुंदीच्या सुमारे पाचपट ठेवली तर जाड-बारीक भाग उठून दिसतो, म्हणून ५ मिमी अक्षरासाठी १ मिमी निब घेतात. तीन मिलिमीटरांच्या खाली ०.५ मिमीच्या जेल पेननेही ‘ष’, ‘ण’ व जोडाक्षरे यांतील पोकळ्या बुजू लागतात. वर्गाच्या शेवटच्या बाकावरून सगळी नावे वाचता यावीत, हा आग्रह या प्रमाणावर सोडून द्यावा लागतो. दुरून शीर्षक व तालुक्यांची ठिकाणे दिसली तरी पुष्कळ झाले. प्रत्येक गाव दिसावे असे वाटत असेल, तर अक्षरे वाढवण्यापेक्षा गावे कमी करणे हाच मार्ग आहे.

गावांची नावे

मोकळ्या जागेतील गावाचे नाव खुणेच्या उजवीकडे लिहिणे सर्वांत सोयीचे, कारण वाचकाची नजर खुणेवरून सरळ पहिल्या अक्षरावर जाते. डावी बाजू हा दुसरा पर्याय. डावीकडे लिहिताना शेवटचे अक्षर खुणेजवळ यायला हवे असल्याने नावाची लांबी आधी मोजून मग सुरुवात करावी लागते. नेमका हाच प्रकार रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सतत करावा लागतो.

किनाऱ्यावरचे गाव आणि किनाऱ्याजवळचे गाव यांत नावाच्या जागेने फरक दाखवता येतो. हर्णै, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे व रत्नागिरी ही नावे पूर्णपणे समुद्रात लिहावीत. दापोली किनाऱ्यापासून आत असल्याने तिचे नाव पूर्णपणे जमिनीवर लिहावे. अर्धे नाव पाण्यात व अर्धे जमिनीवर असे कधीही लिहू नये. एक तर किनाऱ्याची रेषा अक्षरांमधून जाते; शिवाय गाव बंदर आहे की आतले, ही माहिती हरवते. रत्नागिरी व गणपतीपुळे यांच्यातील सरळ अंतर या नकाशावर सुमारे ४ सेंमी येते. त्यामुळे समुद्राच्या बाजूला नावांची गर्दी होत नाही. एखादे मधले गाव घालायलाही वाव राहतो. हे अंतर रस्त्याचे नव्हे. रस्त्याच्या किलोमीटरवरून गावाची खूण ठेवली तर ती किनाऱ्यावर दूर सरकते.

खाडीच्या मुखाशी नावाची बाजूही महत्त्वाची असते. दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखाच्या उत्तर काठावर, दापोली तालुक्यात आहे, आणि समोरचे अंजनवेल दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यात आहे. दोन्ही नावे समुद्रात लिहायची असली तरी पहिले मुखाच्या उत्तरेस व दुसरे दक्षिणेस ठेवावे. दोन्ही एकाच बाजूला आली, तर एका गावाला तालुकाच बदलावा लागतो.

आतल्या गावांपैकी चिपळूण सर्वांत अडचणीचे आहे. उत्तरेकडून महामार्ग वाशिष्ठी ओलांडून येतो व दक्षिणेकडे जातो, लोहमार्ग त्याच्या जवळूनच जातो, पूर्वेकडे कुंभार्ली घाटातून कराडचा रस्ता फुटतो आणि पश्चिमेकडे गुहागरचा. शहराचा मुख्य भाग नदीच्या दक्षिणेस असल्याने नाव उत्तरेस लिहिणे चुकीचे ठरते; गाव ज्या काठावर असेल त्याच काठावर त्याचे नाव असावे. उरतात दक्षिणेकडील दोन कोपरे. नैर्ऋत्येचा कोपरा गुहागरच्या रस्त्यामुळे अरुंद होतो आणि तेथे नाव डावीकडे लिहावे लागते. आग्नेय कोपऱ्यात मात्र कराडचा रस्ता व महामार्ग यांच्यामध्ये पाचरीसारखी मोकळी जागा आहे. ‘चिपळूण’ हे नाव ५ मिमी उंचीने सुमारे २ सेंमी लांब होते आणि तेथून जिल्ह्याच्या पूर्व सीमेपर्यंत त्याहून बरीच अधिक जागा असते. नाव खुणेच्या उजवीकडे, किंचित खाली ठेवले की ‘चि’ची वेलांटी कराडच्या रस्त्यापासून व ‘ळू’चा उकार लोहमार्गापासून मोकळा राहतो. तरीही एखादी रेषा आड आलीच, तर रेषा तोडावी, अक्षर तोडू नये. नावाच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर जागा सोडून रेषा पुढे सुरू केली की वाचक ती मनाने जोडून घेतो.

एकच नाव पुन्हा पुन्हा येण्याची अडचण या जिल्ह्यात वेगळीच आहे. ‘रत्नागिरी’ हे जिल्ह्याचे, तालुक्याचे व शहराचे नाव आहे. जिल्ह्याचे नाव शीर्षकातच येत असल्याने नकाशाच्या अंगावर ते पुन्हा लिहिण्याची गरज नसते. शहराचे नाव समुद्रात जाड काळ्या अक्षरांत आणि तालुक्याचे नाव जमिनीवर फिकट, विरळ अक्षरांत लिहिले, की दोन्ही एकमेकांच्या जवळ असूनही गोंधळ होत नाही. संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण संगमेश्वर नसून देवरुख आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तालुक्याच्या ठिकाणाची खूण व ५ मिमी अक्षर देवरुखला द्यावे. संगमेश्वर हे गाव ३ मिमी अक्षरात व साध्या वर्तुळाने दाखवावे. आणि ‘संगमेश्वर’ हेच नाव तालुक्यासाठी आणखी एकदा विरळ अक्षरांत घालावे. अक्षरांचे वळण वेगळे नसेल, तर संगमेश्वर नावाची दोन गावे असल्याचा समज होईल.

विरळ अक्षरांत लिहिताना शिरोरेषा तोडून प्रत्येक अक्षर सुटे ठेवावे की ती लांबवून सर्व अक्षरे जोडावीत, हा प्रश्न येतो. शिरोरेषा लांबवली तर तालुक्याच्या पोटातून एक आडवी सीमा गेल्यासारखी दिसते. म्हणून ती तोडणेच बरे. नाव फोडताना जोडाक्षर फोडू नये व ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराबरोबरच ठेवावी: सं ग मे श्व र, र त्ना गि री. दोन अक्षरांतील मोकळी जागा दोन-तीन अक्षरांच्या रुंदीपेक्षा अधिक असू नये. ‘खेड’सारखे दोनच अक्षरांचे नाव तालुकाभर ताणण्याचा प्रयत्न केला, तर ‘खे’ आणि ‘ड’ यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही.

नद्या व खाड्या

नदीचे नाव शक्यतो नदीच्या वरच्या बाजूस, म्हणजे कागदाच्या उत्तरेकडील बाजूस लिहितात. रोमन लिपीतही हाच संकेत आहे, परंतु देवनागरीत त्याचे कारण अधिक सबळ आहे. नाव नदीच्या खाली लिहिले तर शिरोरेषा नदीच्या रेषेला लागून समांतर जाते आणि दोन नद्या शेजारून वाहत असल्यासारख्या दिसतात. वर लिहिले तर नदीकडे अक्षरांची मोकळी, रेषा नसलेली बाजू येते. ‘वाशिष्ठी’ या नावाला खाली एकही उकार नाही, त्यामुळे ते नदीच्या दीड मिलिमीटरपर्यंत जवळ नेता येते. ‘मुचकुंदी’मध्ये दोन उकार आहेत; तेथे अंतर तीन मिलिमीटरांपर्यंत वाढवावे लागते. ‘अर्जुना’ला वर रफार व खाली उकार असल्याने त्याला दोन्हीकडे जागा हवी असते.

नाव नदीच्या प्रत्येक लहान वळणाबरोबर वळवू नये. नदीचा ज्यातल्या त्यात सरळ भाग निवडून तेथे पेन्सिलने एकच सौम्य वक्र काढावा आणि तो शिरोरेषेची रेषा मानावा. काने कागदाच्या कडेला समांतर न ठेवता या वक्राशी प्रत्येक ठिकाणी सारखाच कोन करतील असे काढावेत. पाण्याच्या नावांना ७५ अंशांचा कल पुरतो. ४५ व ३० अंशांचे कोन जोडून कंपासपेटीतील दोन गुण्यांनी तो मिळतो. कल उजवीकडे असावा. देवनागरीत उभे काने पुष्कळ असल्याने एखादा काना सरळ राहिला तरी लगेच नजरेत येतो. त्यामुळे ‘शास्त्री’सारख्या नावात काना व दीर्घ वेलांटीचा उभा दांडा, दोन्ही आधी पेन्सिलने आखून घ्यावे लागतात.

कोकणातील नद्या सह्याद्रीतून समुद्रापर्यंत आखूड अंतरात जातात. या नकाशावर मुख्य नदीची लांबी साधारण जिल्ह्याच्या रुंदीएवढी, पंधरा-सोळा सेंटिमीटरांच्या आसपास भरते. तेवढ्यात नाव एकदाच लिहावे. परंतु येथे मुखाजवळ नदीचे नाव बदलते. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची खाडी, शास्त्रीच्या मुखाशी जयगडची, काजळीच्या मुखाशी भाट्याची, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगडची व अर्जुनेच्या मुखाशी जैतापूरची. नदीचे नाव वरच्या अर्ध्या भागात आणि खाडीचे नाव खालच्या भागात लिहिल्यास ही माहिती जागेनेच सांगितली जाते. खाडीचे पात्र या प्रमाणावर काही मिलिमीटरांचेच असल्याने ‘दाभोळ खाडी’ पात्रात बसत नाही. ती समुद्रात लिहिली तर ‘दाभोळ’ या गावाच्या नावाशी भिडते. म्हणून ती दाभोळच्या पूर्वेस, उत्तर काठाच्या जमिनीवर, निळ्या तिरप्या अक्षरांत लिहितात. जमिनीवर असूनही ते पाण्याचे नाव आहे हे रंग व कल यांमुळे कळते. फिकट निळ्या स्केचपेनने लिहिलेली अशी नावे दिसेनाशी होतात. नदीची रेषा फिकट व तिचे नाव गडद निळे ठेवावे.

जगबुडी खेडपासून दक्षिणेकडे उतरून वाशिष्ठीला मिळते. अशा उभ्या नदीचे नाव अक्षराखाली अक्षर रचून लिहिण्याचा मोह होतो, पण प्रत्येक अक्षरावर तुटकी शिरोरेषा आल्याने ती शिडी दिसते. कागद फिरवून नाव नदीच्या बाजूने, खालून वर वाचले जाईल असे लिहिणे योग्य. कोणतेही नाव उलटे, म्हणजे डोके खाली करून वाचावे लागेल असे मात्र असू नये. ‘अरबी समुद्र’ हे नाव किनाऱ्याच्या कलाला समांतर, किनाऱ्यावरील गावांच्या नावांच्या पलीकडे, सर्वांत शेवटी लिहितात. उरलेल्या जागेत ते सहज ताणता येते.

रस्ते, घाट व लोहमार्ग

रस्त्याला नावापेक्षा क्रमांक अधिक उपयोगी असतो. मुंबई–गोवा महामार्गाचा क्रमांक ६६ असून तो लहान चौकटीत, रस्त्यावरच, नेहमी सरळ लिहितात. रस्ता उभा असला तरी आकडा आडवा करू नये. संपूर्ण जिल्ह्यात अशा तीन-चार चौकटी पुरतात आणि त्या फाट्यांच्या मध्ये ठेवाव्यात, फाट्यावर नव्हे, नाहीतर क्रमांक कोणत्या रस्त्याचा हे समजत नाही. जुन्या अ‍ॅटलासवरून उतरवलेल्या नकाशांत हाच महामार्ग १७ क्रमांकाने आणि रत्नागिरी–कोल्हापूर मार्ग २०४ क्रमांकाने आढळतो. महामार्गांना नवे क्रमांक दिल्यानंतर ते अनुक्रमे ६६ व १६६ झाले. एकाच नकाशात ६६ व २०४ एकत्र दिसले, तर तो दोन वेगळ्या काळांतील नकाशांवरून जोडला आहे असे समजावे.

रस्ता जेथे जिल्ह्याबाहेर जातो तेथे सीमेपलीकडे त्याची दिशा लिहितात: मुंबईकडे, पणजीकडे, कराडकडे, कोल्हापूरकडे. कुंभार्ली व आंबा या घाटांची नावेही पूर्व सीमेबाहेरील मोकळ्या जागेत लिहिली, तर सह्याद्रीच्या छायांकनात ती बुडत नाहीत. ‘कोकण रेल्वे’ हे नाव एकदाच, आणि महामार्गाचा क्रमांक ज्या बाजूला नसेल त्या बाजूला लिहावे.

नावांची लेखनरूपे

इंग्रजी नकाशावरून मराठी नाव लिहिताना ‘ळ’, ‘ण’ व ‘ड’ ही अक्षरे सर्वांत आधी बळी पडतात. त्यातून ‘चिपलून’, ‘मंदनगड’, ‘हरनाई’ अशी रूपे प्रकल्पाच्या कागदावर उतरतात. रोमन अक्षरांत ती ओळखू येतात. देवनागरीत ती सरळ चुका ठरतात. देवरुख–देवरूख, लांजा–लांजे, गणपतीपुळे–गणपतिपुळे अशी दोन रूपे मात्र खरोखर प्रचारात आहेत. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे अकारान्त शब्दातील उपान्त्य उकार दीर्घ हवा, पण गावाच्या नावाला त्या गावची वहिवाट हाच मोठा आधार होय. कोणतेही एक रूप घेऊन ते नकाशात, सूचीत व प्रकल्पाच्या वहीत सारखे ठेवावे.

कामाचा क्रम

पेन्सिलने बाह्यरेषा, नद्या, रस्ते व गावांच्या खुणा काढून झाल्या की सर्व नावे ठरलेल्या उंचीने ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्यांवर लिहितात व त्या पट्ट्या नकाशावर ठेवून सरकवून पाहतात. खोडरबर वापरून कार्डशीटचा पृष्ठभाग एकदा उसवला, की त्यावर शाई पसरते. पट्ट्यांमुळे ते टळते. ज्या नावांना एकच जागा शक्य आहे, त्यांची जागा आधी पक्की करावी. येथे ती चिपळूण व खाड्यांच्या मुखाची गावे होत. त्यानंतर इतर गावे, मग नद्या, मग रस्त्यांचे क्रमांक आणि अखेरीस तालुके व समुद्र.

जागा पक्क्या झाल्यावर प्रत्येक नावासाठी 2एच पेन्सिलने चार हलक्या रेषा आखतात: वेलांटीची वरची मर्यादा, शिरोरेषा, कान्याचे टोक व उकाराची खालची मर्यादा. शाईने प्रथम नावे लिहावीत आणि ती वाळल्यावर नद्या, रस्ते व सीमा गिरवाव्यात, म्हणजे रेषा नावांपाशी आपसूक थांबवता येतात. आधी रेषा गिरवून मग त्यांवरून नावे लिहिण्याचा क्रम सर्रास आढळतो, आणि नकाशा अस्वच्छ दिसण्याचे ते सर्वांत मोठे कारण असते. रंगीत पेन्सिलची छटा शाईनंतर हलक्या हाताने द्यावी. मेणकट थरावर शाई नीट धरत नाही. त्यासाठी अक्षरांची शाई जलरोधक व पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर ‘अरबी समुद्र’ छटेबरोबर किनाऱ्यावर पसरतो.

शेवटची तपासणी नकाशा न पाहिलेल्या व्यक्तीकडून करून घेतात. तिला एकेक नाव वाचायला सांगून त्या नावाच्या खुणेवर बोट ठेवायला सांगतात. बोट जेथे थबकते किंवा दोन खुणांमध्ये फिरते, तेथील नाव सरकवण्याची गरज असते. ही तपासणी ट्रेसिंग पट्ट्या नकाशावर असतानाच करावी. शाई पडल्यानंतर ती केली, तर चूक कळते पण सुधारता येत नाही.